दोन चौकोनांची पट्टी

मोजणीच्या कचेरीत मी नकाशे उतरवून काढायच्या कामाला लागलो तेव्हा माझं वय बावीस होतं आणि अक्षर सुरेख होतं. दोन्ही गोष्टींचा मला फार गर्व होता. साताऱ्यात शिकलेला मुलगा सांगलीच्या पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखात आला म्हणजे त्याला आपण शहाणे आहोत असं वाटतंच. मला जरा जास्तच वाटत होतं.

लढाई संपून वर्षभर झालं असेल. त्या भागातल्या एका गावाच्या शिवाराची नव्याने मोजणी झाली होती. आधीची मोजणी आज्यांच्या काळातली. मधल्या काळात लोकांनी बांध कोरले, बांधाचे दगड उकरून चुलीला लावले, आणि हद्दीच्या तक्रारी इतक्या साचल्या की शेवटी सगळं शिवार परत साखळी टाकून मोजायचं ठरलं. मोजणी झाल्यावर जुना नकाशा नव्या नकाशावर ठेवून कोणी कोणाची किती जमीन धरली आहे ते काढायचं आणि प्रत्येक खातेदाराच्या नावापुढे त्याची बेरीज मांडायची. हे दुसरं काम माझ्याकडे आलं.

काम ऐकायला जड वाटतं, पण करायला तसं सोपं होतं. दोन्ही नकाशे एकाच मापाचे, इंचाला दहा साखळ्या. साखळी तेहतीस फुटांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, की झाला गुंठा. जुना नकाशा मी ट्रेसिंगच्या कापडावर तांबड्या शाईने उतरवला. नवा काळ्या शाईचा. खिडकीशी एक काचेचं टेबल होतं, त्याच्याखाली आरसा तिरका ठेवला की उजेड खालून वर यायचा. काळ्यावर तांबडं ठेवायचं आणि दोन्हींत असलेल्या, न हललेल्या खुणा एकमेकांवर आणून टाचणी मारायची. मग तांबडी रेघ आणि काळी रेघ यांच्यामध्ये जी जमीन सापडेल ती कोणाच्या नंबरातली आणि कोणाच्या ताब्यातली ते लिहायचं. क्षेत्र काढायला चौकोनी रेघांचं आणखी एक कापड. त्यातला एक चौकोन इंचाच्या दहाव्या हिश्शाचा, म्हणजे जमिनीवर बरोबर एक गुंठा. चौकोन मोजायचे, अर्ध्याहून मोठा तुकडा धरायचा, लहान सोडायचा.

सगळा जीव त्या टाचणीत असतो. टाचणी चुकली की पुढचं सगळं चुकतं, आणि ते चुकलेलं दिसतही नाही, कारण बेरजा बरोबर येतात.

आमच्या त्या गावात न हललेल्या खुणा दोनच उरल्या होत्या. एक गावठाणातलं देऊळ आणि दुसरा ओढ्याजवळचा तीन गावांच्या शिवेचा दगड. देऊळ पश्चिमेला, दगड पूर्वेला, दोन्हींमध्ये सव्वाशे साखळ्यांचं अंतर. दगडाला शेंदूर होता. शिवेचा देव म्हणून तिन्ही गावांचा निवद तिथे जायचा. मोजणीच्या वेळी मी स्वतः त्या दगडापाशी बसून जबाब लिहून घेतला होता. जबाब देणारा शेजारच्या शेताचा मालक. त्याचं शेत ओळीतलं शेवटचं, ओढ्याला लागून. त्याला मी विहीरवाला म्हणेन.

त्याच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या मेंढरं होती. हा पहिला, ज्याने मेंढरं विकून विहीर पाडली. तीन उन्हाळे नवराबायको खडकात घुसत होते, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात झरा लागला. त्या शिवारात बारमाही पाणी एवढंच. विहीर त्याच्या शेताच्या पश्चिमेच्या बांधापासून पंधरा-वीस पावलांवर होती. तिच्यामुळे त्याची पोरं पहिल्यांदा वर्षभर एका जागी राहिली होती, हे त्यानेच मला सांगितलं. सांगताना तो विहिरीकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

मी त्याला विचारलं, "हा दगड पहिल्यापासून इथंच आहे का?"

"व्हय रावसाब. देव कुटं जातोय? पयल्यापास्नं हितंच हाय."

"कधी कोणी हलवला? पुरात वगैरे?"

त्याने कानाला हात लावला. "देवाला कोन हलवील? आसं इचारू बी नये."

मी लिहिलं, "सदर दगड मूळ स्थानी असून आजतागायत हललेला नाही," आणि त्याचा अंगठा घेतला. वळणदार लिहिलं. आजही तो कागद कुठे असेल तर अक्षराची कोणी तारीफ करील.

टेबलावर जुना नकाशा ठेवला तेव्हा देऊळ देवळावर आणलं तर दगड दगडावर येईना. तांबडा दगड काळ्याच्या अलीकडे पडायचा, पाव इंचाला थोडं कमी. दगड दगडावर आणला तर देऊळ तेवढंच चुकायचं. मी साहेबांना बोलावलं. साहेब म्हणजे आमचे वरिष्ठ मोजणीदार. कामात हुशार, दम्याने गांजलेले, आणि निवृत्तीला आठ महिने राहिलेले. सगळी कामं त्यांना त्या आठ महिन्यांत बसवायची होती.

त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "कागद आखडलाय. साठ-सत्तर वर्षांचा जुना कागद, आखडणारच. दगडाला लावा. आता हाती घेतलेली शेतं दगडाजवळची आहेत, म्हणजे आखडल्याची चूक तिथं कमी येईल."

बोलणं शास्त्राला धरून होतं. जुना कागद आखडतो हे खरंच आहे. मी एवढंच म्हटलं, "साहेब, जुन्या नकाशात दगड ओढ्याच्या अलीकडे आहे. नव्यात पलीकडे दिसतोय."

"ओढा फिरतो. दगड फिरत नाही," साहेब म्हणाले. मला ते वाक्य फार आवडलं. मी ते नंतर एकदोघांना ऐकवलंसुद्धा.

टाचणी दगडात मारली. देवळाच्या दिशेने कापड सरळ केलं आणि चौकोन मोजायला बसलो. दगडाजवळ ओळीने सहा शेतं होती, पश्चिमेकडून पूर्वेकडे. प्रत्येक बांधाची तांबडी रेघ काळ्या रेघेच्या पूर्वेला पडली होती. म्हणजे प्रत्येकाने आपल्या पश्चिमेच्या शेजाऱ्याची पट्टी धरली होती. पट्टी सगळीकडे दोन चौकोन रुंद. पहिल्या बांधाला दोन, दुसऱ्याला दोन, पाचव्यालाही दोनच. अपूर्ण चौकोन सोडायचा-धरायचा प्रश्न जवळजवळ आलाच नाही. काम एका दिवसात उरकलं आणि मला वाटलं, वा, काय स्वच्छ काम झालं!

गाढव होतो मी. माणूस बांध कोरतो तेव्हा कसा कोरतो हे मी लहानपणापासून पाहिलेलं होतं. औताला जिथे वळायला जागा हवी तिथे हातभर जास्त, बाभळीच्या मुळीपाशी काहीच नाही, शेजारी परगावी असेल त्या साली दोन हात. बांध वाकडातिकडा, फुगवटे काढत जातो. सहा माणसांनी साठ वर्षांत एकाच मापाने, एकाच दिशेला, शेवटापर्यंत सारखी चोरी केली असं जगात कुठे झालंय? ते चोरीचं माप नव्हतंच. ते माझ्या टाचणीचं माप होतं.

तक्ता मांडला तेव्हाही तो ओरडून सांगत होता. खातेदारवार बेरजेत पाचव्याने चौथ्याची चौतीस गुंठे धरलेली, आणि पाचव्याची छत्तीस गुंठे सहाव्याने. चौथ्याचं तसंच, तिसऱ्याचं तसंच. एका हाताने घेतलेलं दुसऱ्या हाताने गेलेलं. शिवाय प्रत्येकाच्या ताब्यातलं एकूण क्षेत्र जुन्या दप्तराशी जुळत होतं. मी हे साहेबांना दाखवलं, ते खोकत खोकत म्हणाले, "क्षेत्र जुळलं म्हणून जागा जुळत नाही." तेही शास्त्राला धरून होतं. मी खाली "तपासले" म्हणून सही केली, वर त्यांची सही झाली आणि तक्ता मामलेदारांकडे गेला.

पहिल्या पाच जणांना त्या तक्त्याचं काही वाटलं नाही. पट्टीला पट्टी. एक गेली तर दुसरी आली. त्यांनी आपसात ठरवलं, सरकार दील तसं घिऊ. अडचण एकट्या सहाव्याची, म्हणजे विहीरवाल्याची होती. त्याच्या पश्चिमेची छत्तीस गुंठे पाचव्याच्या नावावर निघाली आणि त्यात विहीर होती. त्याबदल्यात पूर्वेला त्याला ओढ्याची वाळू आणि पलीकडचा खडक मिळत होता.

पाचवा लढाईवरून परतलेला हवालदार होता. पाय अधू झालेला, बाकी सरळ माणूस. त्याने मला सांगितलं, "मी न्हाई मागितली हीर. सरकारनं मोजलं, सरकारनं दिलं. ऑर्डर हाय ती. मला बी तीन पोरं हायत, आन् कोरड्या मातीत मी काय पेरू?" मला त्याचा राग आला नाही. आजही येत नाही.

नोटीस लागल्यावर विहीरवाला कचेरीत आला. सकाळपासून ओट्यावर बसून राहिला. मी जेवायला निघालो तेव्हा उठून माझ्यामागे आला, आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "रावसाब, येक सांगायचंय. पर देवाच्या कानावर जाता कामा न्हाई."

मग त्याने सांगितलं. तो पोरगा असताना ओढ्याला मोठं पाणी आलं आणि काठ ढासळला. देव अर्धा उघडा पडला. पुढच्या पुरात वाहून जाईल म्हणून तिन्ही गावांचे जाणते जमले, कौल लावला, आणि त्याच्या बापाने देव खांद्यावर घेऊन पलीकडच्या उंचवट्यावर नेऊन बसवला. दोन साखळ्यांचं अंतर असेल. एकदा बसवल्यावर कोणी बोलायचं नाही असं ठरलं होतं. देव हलला असं तोंडाने म्हटलं की त्याचं ठाण मोडतं, गुरांवर रोग येतो, ही तिकडची समजूत. म्हणून सगळ्यांनी मनातसुद्धा असंच धरलं की तो पहिल्यापासून तिथेच आहे. मी विचारलं तेव्हा तो खोटं बोलला नव्हता. त्याने त्याच्या देवाचं खरं सांगितलं, आणि मी ते सरकारी दगडाचं खरं म्हणून लिहून घेतलं.

जेवण राहिलं. मी परत जाऊन दप्तरातून जुना नकाशा काढला. प्रत्येक नकाशाच्या खाली मापाची रेघ आखलेली असते. कागद आखडला असेल तर ती रेघही आखडलेली असणार, कारण ती त्याच कागदावर आहे. ही तपासणी पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी पट्टी लावली. रेघ बरोबर होती, केसभरही कमी नाही. आडवी लावली, उभी लावली. कागद आखडलेलाच नव्हता. मग टाचणी काढून देऊळ देवळावर आणलं, आणि सहाच्या सहा तांबड्या रेघा काळ्या रेघांखाली निमूट जाऊन बसल्या. ओढासुद्धा ओढ्यावर आला. अतिक्रमण कुठेच नव्हतं. सबंध ओळीत कोणी कोणाचं वीतभर धरलं नव्हतं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, टेबलाकडे मात्र आले नाहीत. म्हणाले, "पुरावा काय? त्याचा जबाब आपल्या दप्तरात आहे, तुमच्याच हातचा. दगड हललेला नाही. आता म्हणतो हलला. कोणता जबाब धरायचा?"

"मापाची रेघ, साहेब..."

"ती रेघ तेव्हा का पाहिली नाहीत?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. "तपासले म्हणून सही कोणाची आहे? हे वर कळवायचं तर दोघांनी कळवायचं. माझं पेन्शन जाईल, तुमची नोकरी. तुम्ही लहान आहात, विचार करा." मग जरा थांबून म्हणाले, "दगड हलवल्याचं गाव सांगत असेल तर सांगू दे. मी चावडीवर येतो. गावाने सांगितलं तर आपल्यावर काही येत नाही."

मला वाटलं, सुटलो. गाव सांगेल. सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे, आणि विहिरीवर सगळे पाणी पितात.

चावडीवर तिन्ही गावांतले जाणते आले. साहेबांनी विचारलं. एक म्हातारा खाली मान घालून होता, त्याच्या शेजारचा तंबाखू मळत होता. दोघांनीही तरुणपणी तो देव पलीकडे जाताना पाहिलेला. शेवटी पाटील म्हणाले, "आवं सायब, देव कुटं हलतोय व्हय?" आणि सगळ्यांनी माना हलवल्या. सुटकेने हलवल्या, ते मला दिसलं.

साहेब विहीरवाल्याकडे वळले. "तू सांग. तुझ्या बापाने हलवला का?"

तो उभा राहिला. त्याने हवालदाराकडे पाहिलं, म्हाताऱ्यांकडे पाहिलं. त्याची बायको चावडीच्या कोपऱ्याबाहेर डोक्यावरचा पदर दातात धरून उभी होती. मग तो म्हणाला, "न्हाई."

"मोठ्याने सांग."

"न्हाई हलला. पयल्यापास्नं थितंच हाय."

तो जबाबही मीच लिहिला. बोरूला शाई लावताना माझ्या मनात येत होतं की आता उठावं आणि म्हणावं, याला काही विचारू नका, गावालाही विचारू नका, दगडाला तर विचारूच नका, माझ्या टेबलावर येऊन बघा. त्या माणसाला त्याच्या देवाला खोटं पाडावं लागणारच नव्हतं. मापाची रेघ होती, सारख्या रुंदीच्या पट्ट्या होत्या, जुळणारं क्षेत्र होतं. कोणाच्याही अंगठ्याशिवाय ते सिद्ध होत होतं, आणि ते सिद्ध करू शकेल असा त्या चावडीवर मी एकटा होतो. साहेबांना कळत होतं, पण त्यांनी आपलं ठरवलं होतं. माझं ठरायचं होतं. घरी आई, दोन बहिणी, माझ्या मनिऑर्डरची वाट बघणारं दार, हे सगळं खरं आहे. पण मी त्यांच्यासाठी गप्प बसलो नाही. मी भ्यालो म्हणून गप्प बसलो.

महिन्याभराने नवे दगड पुरायला गेलो. साखळीचं एक टोक माझ्याच हातात होतं. विहिरीच्या पूर्वेला, अगदी तिच्या काठापासून चार पावलांवर रेघ आली आणि तिथे खड्डा घेतला. हवालदार लांब आपल्या जुन्या बांधावर उभा होता, पुढे आला नाही. विहीरवाल्याने दगड पुरायला हात लावला. आमचा गडी एकटा होता आणि दगड जड होता, म्हणून तो आपणहून आला आणि पाय रोवून दगड सरळ धरला. मी ओळंबा लावून बघितला आणि म्हटलं, "थोडा डावीकडे." त्याने डावीकडे केला.

पंचनाम्यावर त्याने अंगठा दिला. मी विचारलं, आता काय करणार. म्हणाला, "मेंढरं आस्ती तर गेलो आस्तो मागं त्येंच्या. आता काय, मुकादमाच्या मागं जायचं पोरं घिऊन." मी म्हटलं, दिवाणीत दावा लाव. ते मी इतक्या हळू म्हटलं की त्याला ऐकू गेलं नसावं, किंवा गेलंही असेल.

चैत्राचं ऊन होतं. त्याच्या बायकोने विहिरीत घागर सोडली. हवालदाराला उद्यापासून ताबा होता, आजचा दिवस तिचा होता. तिने घागर वर ओढली, तांब्या विसळला आणि माझ्यासमोर आली. तिला आतलं काहीच ठाऊक नव्हतं. नवऱ्याने ओट्यावरून माझ्यामागे येऊन काय सांगितलं तेही नाही, आणि मी काचेच्या टेबलावर काय बघितलं तेही नाही. तिच्या लेखी मी उन्हात उभा राहून दमलेला पाव्हणा होतो.

"घ्या दादा," ती म्हणाली. "लय ग्वाड पानी हाय."

मी तांब्या घेतला आणि प्यालो. पाणी खरंच गोड होतं. तिने तांब्या परत भरला, आणि मी तोही प्यालो.